सात महिने, एक कूलर आणि फ्रीकॅड

लेक पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे. मशीनचे भाग आखायचे, त्यांचे थ्रीडी प्रिंट काढायचे आणि ते फिरताना दाखवायचे, एवढं तिला हवं होतं. पैसे भरायचे नाहीत हे माझं ठरलेलं. त्यात ॲनिमेशन करता येतं म्हणून मी तिला आधी ब्लेंडर हे फुकट थ्रीडी सॉफ्टवेअर दिलं, आणि तिथेच चुकलो.

एप्रिलमध्ये कूलरचा नॉब तुटला. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद ठेवून भागत नाही, म्हणून तिने नॉब बनवायला घेतला. स्विचचा दांडा 6 मिमी जाड, एका बाजूने चपटा. चपट्या बाजूपासून समोरच्या कडेपर्यंत 4.5 मिमी. फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली तर नॉब दिसेचना. ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर असतं, प्रिंटसाठी काढलेल्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं आणि स्लायसर ते मिलिमीटर धरतो. एक्सपोर्ट करताना `Scale` 1000 केल्यावर नॉब दिसला.

सीताबर्डीतून प्रिंट आणला, तर तो दांड्यावर बसेना. प्रिंटमध्ये भोक आखल्यापेक्षा जरा लहानच येतं. ते 6.3 करायचं होतं, पण तिने भोक पाडणारा मॉडिफायर, म्हणजे नंतर बदलता येणारी क्रिया, लागू करून कायमची करून टाकली होती. कडा गोल करून झाल्या होत्या, त्यामुळे सगळं पुन्हा बनवावं लागलं. मॉडिफायर तसाच ठेवला असता तर आकडा बदलता आला असता, पण नवख्या मुलीला हे कळणार कसं? दुसऱ्या प्रिंटचे पैसे मला आजही सलतात.

मग फ्रीकॅड घेतलं, हे मापांवरून भाग आखायचं फुकट सॉफ्टवेअर. स्केचमध्ये वर्तुळ, त्यावर चपटी रेघ, दोन मापं. सगळी मापं पक्की झाली की रेघा हिरव्या होतात. 6 चे 6.3 आणि 4.5 चे 4.8 केले की नॉब आपोआप बदलला. तिसरा प्रिंट दांड्यावर घट्ट बसला.

तरी मधे दोन महिने मी फ्रीकॅडवरही चिडलो होतो. लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती. उंची बदलली की गोल केलेली कड भलत्याच जागी जाई किंवा लाल खूण येई, कारण पृष्ठांचे आणि कडांचे अंतर्गत क्रमांक बदलत. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 पासून हे बरंच कमी झालं, पूर्ण गेलेलं नाही. म्हणून ती आता स्केच भागाच्या पृष्ठावर न काढता मूळ प्रतलावर काढते आणि कडा गोल करणं शेवटी ठेवते.

आखणीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरपैकी ऑनशेपच्या फुकट खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं आणि फ्यूजनच्या फुकट परवान्यात एका वेळी दहाच फाइली संपादित करता येतात, म्हणून ती दोन्ही घेतली नाहीत.

ब्लेंडर मात्र काढलेलं नाही. फ्रीकॅडची एसटीएल तिथे 0.001 स्केलने आणायची, फ्रेम 1 वर फिरण्याचा कोन शून्य अंश, 100 वर 360 अंश. तिने पहिल्यांदा केलं तेव्हा नॉब हळू सुरू होऊन हळू थांबत होता. दोन फ्रेममधली चाल ठरवणारं इंटरपोलेशन `Linear` केल्यावर एकसारखा फिरला. माप बदललं तर मात्र फ्रीकॅडमधून फाइल पुन्हा आणावी लागते, ब्लेंडरमधला बदल परत जात नाही. फ्रीकॅडमध्ये नॉब शून्य बिंदूभोवती आखलेला असला की तो ब्लेंडरमध्ये स्वतःच्या दांड्याभोवतीच फिरतो.