मोरीची जाळी: पाण्याची वाटी की सिलिकॉनचा पडदा?

बाथरूमच्या मोरीतून झुरळं वर येतात म्हणून जाळी बदलायला निघालात, की दुकानदार दोन वस्तू समोर ठेवतो. एक म्हणजे आत उलटी वाटी बसवलेली स्टीलची जाळी, जिला सगळे ‘कॉकरोच जाळी’ म्हणतात. दुसरी म्हणजे पाइपच्या तोंडात दाबून बसवायचा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह. त्याचे खालचे ओठ पाणी आलं की उघडतात आणि गेलं की मिटतात. माझ्या घरात दोन्ही वापरून झाल्या आहेत. चुंबकावर उघडझाप करणारा तिसरा प्रकारही मिळतो, पण टाकीच्या पाण्यातला गंज चुंबकाला चिकटून झाकण अर्धवट उघडं राहतं, म्हणून तो मी बाजूला ठेवतो.

पैसे घालण्याआधी झुरळ कुठलं आहे ते नीट बघून घ्या. बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस तपकिरी, डोक्यामागे पिवळसर कडा असलेलं झुरळ गडर लाइनमधून आणि चेंबरमधून येतं. ओट्याखाली दिसणारं लहान, फिकट, पाठीवर दोन काळे पट्टे असलेलं झुरळ घरातच वाढतं. त्याच्यासाठी जाळी बदलून काही होत नाही, तिथे जेलच लागतं. संशय असेल तर रात्री मोरीवर रुंद चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, हवेला थोडी जागा सोडा आणि सकाळी बघा. बारीक केसाळ पंखांच्या माश्या चिकटल्या असतील तर त्या पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढताहेत. तो थर ब्रशने खरवडल्याशिवाय कुठलीच जाळी उपयोगी नाही.

साधी भोकांची जाळी का चालत नाही, तर मोठं झुरळ अंग चपटं करून तीन-चार मिलिमीटरच्या फटीतूनही निघतं. म्हणून खरा अडसर दोनच गोष्टींचा, पाण्याचा किंवा घट्ट मिटलेल्या ओठांचा.

वाटीच्या जाळीत हे काम पाणी करतं. चौकटीत एक गोल कडं असतं, त्याच्याभोवती पाणी साचतं आणि वाटीची कड त्या पाण्यात बुडते. रचना साधी आहे, वर्षानुवर्षं टिकते आणि वाटी उचलून घासता येते. रोज वापराच्या बाथरूममध्ये ती मला मनापासून आवडली. तिथे रोज पाणी पडतं, त्यामुळे वाटी कधी कोरडी होत नाही. घरात लांब केस असतील तर हिचा एक फायदा आहेच, गुंता वरच्या वर दिसतो आणि काढता येतो.

माझं मत फिरलं ते मागच्या बाथरूममुळे. तिथे पाहुणे आले तरच आंघोळ होते. नागपूरचा मे महिना, कूलर दिवसरात्र सुरू, आणि दुपारी खिडकीतून येणारी हवा भट्टीसारखी. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं असतं, पण या वाटीत जेमतेम अर्धा-पाऊण इंच. नवतपा लागायच्या आतच ती कोरडी पडायची. पाणी गेलं की वाटीच्या कडेखाली अख्खी गोल फट उघडी होते आणि झुरळाला तेवढं पुरतं. रात्री दिवा लावला की भिंतीवर मिशा हलवणारं एखादं दिसायचंच. बायकोने रोज संध्याकाळी तिथे मग्गाभर पाणी ओतायचं ठरवलं, ते जमलंही. पण लग्नसराईत घर बंद ठेवून गावी गेलो की ओतायला कोण असणार? परतल्यावर दार उघडताच गटाराचा वास यायचा. झुरळांपेक्षा या वासाचाच मला जास्त त्रास झाला, कारण जाळी आणि खालचा ट्रॅप दोन्ही सुकले आहेत हे तोच सांगायचा.

हे तपासायला उदबत्ती पुरते. पंखा, एक्झॉस्ट बंद करा, दार लावा आणि जळती उदबत्ती मोरीजवळ धरा. धूर वर ढकलला जात असेल तर खालून हवा येते आहे, म्हणजे कुठेतरी पाण्याचा अडसर तुटला आहे.

सिलिकॉनचा व्हॉल्व्ह मी आधी त्याच बाथरूमला लावला. त्याला मिटायला पाणी लागत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी मला नंतर लक्षात आली: तो नहाणी ट्रॅपच्या वर बसतो, त्यामुळे खालचं पाणी झाकलं जातं आणि हळू सुकतं. उन्हाळ्यात घर बंद ठेवून आलो तरी वास आला नाही. जुन्या घरात, जिथे खाली ट्रॅपच नाही आणि पाइप थेट चेंबरला जातो, तिथे तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

त्यालाही खोडी आहेत. ओठांत केस अडकला की ते पूर्ण मिटत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरा थर बसतो आणि ओठ ताठ होतात. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये भिजवावा, घासून परत बसवावा. बादली एकदम उलटी केली तर पाणी क्षणभर तुंबतं, पण मग्ग्याने आंघोळ करताना ते जाणवत नाही.

माप मात्र जाळीचं घेऊ नका, पाइपच्या तोंडाचं घ्या. माझ्याकडे जाळी 5 इंची, पण खालचा पाइप 75 चा. त्याचं आतलं तोंड सत्तर मिलिमीटरच्या आसपास भरलं. जुनी जाळी काढून पट्टीने आडवं-उभं मोजलं, कारण सिमेंटचे थेंब लागून तोंड वाकडं झालेलं असतं. ते छिन्नीने साफ केलं, व्हॉल्व्हची बाहेरची रबरी कड ओल्या हाताने दाबली आणि वर जाळी बसवून चारी बाजूंनी पांढरं सिमेंट भरलं. ही कडेची फट सोडली तर आतला व्हॉल्व्ह कितीही चांगला असो, झुरळ जाळीखालून वळसा घालून येतं.

रोजच्या बाथरूममध्ये आधीची वाटी नीट चालत असेल, तर ती काढायची घाई करू नका, असं माझं मत. पण एकच प्रकार घ्यायचा असेल आणि घर उन्हाळ्यात बंद राहत असेल, तर मी सिलिकॉनच घेईन.

आणि वॉशिंग मशीनचा पाइप बघायला विसरू नका. तो जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसता खोचलेला असतो, भोवती बोटभर फट. बेसिनच्या खालच्या लवचिक पाइपचंही तेच. दोन्हींसाठी मधे भोक असलेला रबरी बूच मिळतो, पाइपची बाहेरची जाडी मोजून घ्यावा. आमच्याकडे पावसाळ्याच्या पहिल्या सरींत चेंबर भरले की झुरळं इथूनच वर यायची. बूच बसवल्यापासून मशीनमागे ती दिसली नाहीत.