शिल्डवाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: आठ महिने वापरल्यानंतर

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना. मागांच्या खडखडाटाची सवय होती, पण त्यांनी वार्पिंग मशीनला मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवला आणि आमचा रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर बिथरला.

रोज सकाळी आम्ही रक्त न घालता नुसतं डायल्युएंट चालवून कोरी मोजणी घेतो. त्यात PLT, म्हणजे प्लेटलेटची संख्या, आमच्या मशीनवर दहा हजारांच्या आत हवी. ती पंचवीस-तीस हजार यायला लागली. या मशीनमध्ये बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेचा एक ठोका उमटतो. प्लेटलेट सगळ्यांत लहान, म्हणून तिचा ठोकाही सगळ्यांत बारीक. लाइनमधून आलेली विजेची खरखर, म्हणजे नॉइज, नेमका तिच्या नावावर मोजला जातो. एका तापाच्या पेशंटचा आकडा मशीनने ६२ हजार दाखवला. स्लाइडवर मोजल्या तर तिशीच्या आसपास. रिपोर्ट तसाच गेला असता, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

सर्व्हिसवाल्याने छिद्र धुतलं, डायल्युएंट बदललं, बिल लावलं. फरक शून्य. माझ्या रजिस्टरमध्ये मात्र एक गोष्ट दिसत होती: कारखान्याला सुट्टी असली की कोरी मोजणी स्वच्छ. ‘ऑनलाइन यूपीएस आहे की,’ असं सगळे म्हणाले. पण आमच्या यूपीएसमध्ये न्यूट्रल आरपार जातो, त्यामुळे त्या वाटेने येणारा नॉइजही आत येतो.

हा कॉमन मोडचा नॉइज. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा अर्थिंगच्या तुलनेत एकदम, एकाच दिशेने उसळतात. दोन्हींत आपसात फरक पडत नाही, म्हणून त्याने ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकत्वही निर्माण होत नाही. मग साधा ट्रान्सफॉर्मर पुरला असता ना? नाही. आतली दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, एकमेकांना खेटून असतात, म्हणजे आपोआप एक कपॅसिटर तयार होतो. तो १००० पिकोफॅरडचा धरा. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ३२ लाख ओहम, पण १ मेगाहर्ट्झला फक्त १६० ओहम. नॉइज तिथून सरळ पलीकडे उडी मारतो.

शिल्डवाल्यात या दोन वाइंडिंगच्या मध्ये तांब्याचा पत्रा गुंडाळून अर्थ केलेला असतो. उडी मारणारा नॉइज त्या पत्र्यावर पडतो आणि अर्थला जातो. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येतात, पण मध्ये इन्सुलेशन असतं. ती चिकटली तर तो शॉर्ट झालेला एक वेढाच होईल आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळेल. चांगल्या बनावटीत आरपारची कपॅसिटी पिकोफॅरडच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरते.

मी १ केव्हीएचा घेतला. पहिला आठवडा निराशेचा: PLT २८ वरून २२ हजार, बस्स. वायरमन मामांनी शिल्डची तार बोर्डाच्या अर्थपर्यंत तीन मीटर नेली होती, उरलेली गुंडाळी करून बांधलेली. तार सरळ असली तरी १ मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण सहा ओहम अडथळा होतो, गुंडाळीने आणखी वाढतो. मग शिल्डच नॉइजबरोबर नाचतो आणि तो पुढे ढकलतो. शिवाय आत येणारी नि बाहेर जाणारी वायर एकाच केसिंगपट्टीतून ओढलेली! ट्रान्सफॉर्मरने अडवलेला नॉइज शेजारच्या वायरमध्ये परत चढत होता.

मामांना बोलावून दोन्ही वायरी विरुद्ध बाजूंनी काढल्या. शिल्ड वीतभर चपट्या जाळीदार तारेने बॉडीला जोडला आणि तिथेच बॉडीला अर्थ दिला. सेकंडरीचं, म्हणजे लॅबकडच्या वाइंडिंगचं, एक टोकही तिथेच अर्थला बांधलं, म्हणजे लॅबचा न्यूट्रल नव्याने सुरू झाला. मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थ सात व्होल्ट दिसायचे, आता ०.२. हे टोक मोकळं सोडू नका: पुढे आरसीसीबी असेल तर गळती झाली तरी तो पडणार नाही. दुसऱ्या दिवशी कोरी मोजणी: ३ हजार.

एक चूक राहिलीच होती. काउंटरला जोडलेला कॉम्प्युटर दुसऱ्या प्लगवर होता, त्यामुळे मधूनमधून डेटा केबलवाटे नॉइज यायचा. आता दोन्ही याच ट्रान्सफॉर्मरवर.

तक्रारी सांगते. चालू करताना हा क्षणभर एवढा करंट ओढतो की आमचा बी-कर्व्ह एमसीबी पडायचा. सी-कर्व्ह लावावा लागला. सतत गुणगुणतो. मे महिन्यात टेबलाखाली हात ठेववत नव्हता, म्हणून मागे मोकळी जागा सोडली. व्होल्टेज कमी-जास्त झालं तर तेच पलीकडे देतो, ते काम यूपीएसचंच. आणि फेज-न्यूट्रलमधल्या हळू हेलकाव्यांवर तो जवळजवळ काहीच करत नाही.

आज कोरी मोजणी २ हजार. पलीकडे वार्पिंग जोरात चालू होतं.