कूलंटमधली हवा: ब्लीड स्क्रू की उघडं झाकण?

कूलंट भरल्यावर टेंपरेचरचा काटा उसळतो, पण हीटर गारच हवा फेकतो, तेव्हा सेन्सरपाशी हवा अडकल्याचा संशय घ्यावा. तरी इशारा खोटा समजून गाडी दामटू नका. इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या.

अडकलेली हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू असेल तर मी तोच निवडेन. गार इंजिनवर तो सैल करून टाकीत हळूहळू कूलंट ओतायचं, बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळायचा. बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, जोर लावला की तुटतो.

स्क्रू नसेल तर गार असतानाच कूलंटचं झाकण काढून, हीटर फुल ठेवून, कूलंट गरम झाल्यावर त्याची वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन आयडलवर चालवायचं. यात वेळ जातो, शिवाय गरम कूलंट उसळून हात भाजू शकतो, म्हणून हात आणि तोंड लांब ठेवा. हीटर गरम हवा देऊ लागला की अडकलेली हवा बहुतेक निघाली. पातळी गार झाल्यावर पुन्हा बघा.