एक चार्ट की तीन? दहावीच्या पर्यावरणाच्या धड्याचं असेंब्लीसाठी पोस्टर

इंदूरच्या शाळांमध्ये दहावीला एनसीईआरटीचं विज्ञान आहे आणि त्यात ‘आपलं पर्यावरण’ हा धडा येतो. तो शिकवून झाला की बहुतेक ठिकाणी ठरलेलं काम मिळतं: या धड्यावर पोस्टर करा, प्रार्थनेनंतर स्टेजवर दाखवा, त्यातून तीन संदेश स्पष्ट कळले पाहिजेत. मुलं घरी येऊन चार्ट पेपर पसरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘काय काय लिहू?’

याची दोन उत्तरं आहेत. पहिल्या प्रकारात धड्याच्या प्रत्येक भागातून एकेक संदेश घेऊन तिन्ही एकाच चार्टवर मांडायचे. दुसऱ्यात धड्यातला एकच भाग निवडायचा, त्यातून मुलांनी करायच्या तीन गोष्टी काढायच्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र चार्ट द्यायचा. असेंब्लीसाठी मी दुसऱ्या बाजूने आहे. पहिला प्रकार कुठे बरा पडतो तेही पुढे येईलच.

आधी मजकूर बघू. धड्यात ढोबळमानाने तीन गोष्टी आहेत: अन्नसाखळी आणि तिच्यातून वर जाणारी ऊर्जा, ओझोनचा थर, आणि कचरा. पहिल्या प्रकारचं पोस्टर त्यामुळे आपोआप तयार होतं: ‘अन्नसाखळी वाचवा’, ‘ओझोन थर जपा’, ‘कचरा वेगळा करा’. धडा पूर्ण झाला, बाईही खूश. आता सहावीतल्या मुलाच्या जागी उभे राहा. अन्नसाखळी वाचवायची म्हणजे मधल्या सुट्टीत नेमकं काय करायचं? ओझोनचं तर आणखी अवघड. धड्यात स्वच्छ लिहिलं आहे की सीएफसी या रसायनांमुळे थर विरळ होऊ लागला आणि १९८७ मध्ये त्यांच्या उत्पादनावर मर्यादा घालण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे ही रसायनं जवळपास बंदच झाली. हे माहीत असणं उत्तम, पण शाळेतल्या मुलाला त्यात करण्यासारखं फारसं उरत नाही. शिवाय या चित्रात एक चूक हमखास शिरते: ओझोनच्या थराला भोक, शेजारी थर्मामीटर लावलेली पृथ्वी आणि खाली ‘पृथ्वी तापते आहे’. थर विरळ झाल्याचा मुख्य परिणाम म्हणजे जास्त अतिनील किरणं जमिनीपर्यंत येणं आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढणं. पृथ्वी तापण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. एका चार्टवर धड्याचे सगळे भाग कोंबताना असल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

उरलं ‘कचरा वेगळा करा’. दुसऱ्या एखाद्या गावात हा संदेश चालला असता. इंदूरमध्ये रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला धोकादायक आणि ई-कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात, आणि ते बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून इथे पोस्टरने त्याच्या पुढचं सांगायला हवं: वेगळं करूनही आपण चुकतो कुठे?

दुसऱ्या प्रकारात कचऱ्याचा भाग घेतला, की धड्यातलं शास्त्रच ही जागा दाखवतं. धडा सांगतो की जिवाणू आपल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, पदार्थ तोडतात, पण प्रत्येक विकर ठरावीक पदार्थावरच चालतं. भाजीचं देठ तुटतं, प्लास्टिकची पिशवी तुटत नाही. शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टनांची होती. तिथे बंद टाक्यांत, हवेशिवाय, जिवाणूच हे काम करतात आणि त्यातून मिथेन मिळतो. आपण साली आणि उरलेली पोळी पिशवीत भरून, वर गाठ मारून ओल्या कप्प्यात टाकली, तर आतलं अन्न जिवाणूंपर्यंत पोचायला आधी ती पिशवी कुणाला तरी फाडून बाजूला काढावी लागते. यातून पहिला संदेश निघतो: ‘ओल्या कचऱ्यात पिशवी नको’.

दुसरा संदेश अन्नसाखळीच्या भागाला हात लावून येतो, त्यामुळे तो भाग पोस्टरमधून पूर्ण सुटत नाही. धड्यात कीटकनाशकांचं उदाहरण आहे. ती विघटित होत नाहीत, पाण्यातून आणि मातीतून वनस्पतीत शिरतात, आणि साखळीत जितकं वर जावं तितकं शरीरातलं त्यांचं प्रमाण वाढतं. माणूस वरच्या टोकाला असल्याने आपल्या वाट्याला सर्वांत जास्त येतं. घड्याळातले, रिमोटमधले जुने सेल आणि फुटके सीएफएल यांत जड धातू असतात. तेही कुजत नाहीत. म्हणून ‘जुने सेल वेगळ्या डब्यात’.

तिसऱ्यासाठी धड्यात एक चौकटच आहे: चहाचे प्लास्टिकचे कप, मग कुल्हड, मग कागदी कप. मुलांना कागदी कप निर्धोक वाटतो. वापरलेला एक कप घ्या, कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून ठेवा आणि आतली बाजू नखाने खरवडा. पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. ते प्लास्टिकचं अस्तर. त्याच्यामुळे कप ओल्या कचऱ्यात नीट कुजत नाही आणि साध्या कागदासारखा सहज पुन्हा वापरातही येत नाही. वाढदिवसाला वर्गात सरबत वाटतात तेव्हाचा संदेश मग असा: ‘कप नको, ग्लास आणा’. तो पापुद्रा पोस्टरवर चिकटवायचा मोह होतो, पण लांबून तो दिसत नाही. स्टेजवर बोलणाऱ्या मुलाने तो हातात धरून दाखवावा.

आता आकाराचं बघू, कारण खरा निकाल तिथेच लागतो. बोर्ड रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच हवी. असेंब्लीत शेवटची रांग स्टेजपासून सहज दहा मीटरवर, म्हणजे तेहेतीस फुटांवर असते. म्हणजे अक्षर सव्वातीन इंच, साधारण आठ सेंटिमीटर उंच हवं. बाजारात मिळणारा नेहमीचा चार्ट पेपर २२ बाय २८ इंचांचा, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर. तो आडवा धरला, कडा सोडल्या, तर एका ओळीत सात-आठ अक्षरं बसतात. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना जागा लागते, म्हणून एक ओळ तेरा सेंटिमीटर खाते. दोन ओळी झाल्या की खाली चित्रासाठी एक पट्टा उरतो. ‘ओल्या कचऱ्यात’ ही एक ओळ, ‘पिशवी नको’ ही दुसरी. चार्ट भरला, संदेश बसला.

आता हेच तिन्ही संदेश एका चार्टवर घ्या. सहा ओळी झाल्या. वर ‘पर्यावरण वाचवा’ असं शीर्षक, प्रत्येक संदेशाशेजारी चित्र आणि कोपऱ्यात वर्ग आणि नाव. अक्षर तीन सेंटिमीटरवर येतं. त्याच हिशेबाने ते साडेतीन-चार मीटरपर्यंतच नीट वाचता येतं. पुढच्या दोन-तीन रांगांना संदेश मिळतो आणि मागच्यांना रंगीत कागद दिसतो. मुलाने कितीही सुंदर अक्षर काढलं तरी यात फरक पडत नाही.

अक्षराची जाडीही लागते. स्केच पेनने आठ सेंटिमीटरचं अक्षर काढलं तर रेघ मिलिमीटर-दोन मिलिमीटरची राहते आणि लांबून ती कागदात विरून जाते. रेघ सेंटिमीटरभर जाड हवी, म्हणजे चपटा ब्रश आणि पोस्टर कलर, नाहीतर काळ्या कागदातून कापलेली अक्षरं. पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा, नाहीतर पिवळ्यावर काळा. पांढऱ्यावर पिवळी किंवा नारिंगी अक्षरं घरच्या ट्यूबलाइटखाली छान दिसतात आणि सकाळच्या उन्हात पार पुसट होतात. लॅमिनेशन करू नये, ते उन्हात चमकतं आणि समोरच्या अर्ध्या मैदानाला नुसता प्रकाश दिसतो. फ्लेक्स तसाच चमकतो, शिवाय तो पीव्हीसीचा असल्याने या तीन संदेशांसाठी छापणं मला पटत नाही.

पारख सोपी आहे. आदल्या संध्याकाळी चार्ट घराच्या भिंतीला टेकवा आणि गल्लीत तेरा-चौदा पावलं मागे जा. घरातल्या लहान मुलाला, ज्याने हे काम पाहिलेलं नाही, वाचायला सांगा. तो ‘चित्र आहे’ म्हणाला तर अक्षर मोठं करायचं. त्याने वाचलं, पण ‘म्हणजे काय करायचं, काकू?’ असं विचारलं, तर वाक्य बदलायचं.

तीन चार्टचा तोटा उघड आहे. कागद तिप्पट, रंग जास्त, तीन मुलं हवीत, आणि रात्री नऊला काम कळलं तर वेळ पुरत नाही. तीन मुलांमधला एक गैरहजर राहिला तर एक संदेश गळतो, म्हणून चौथ्या कुणाला तरी वाक्य पाठ असू द्यावं. आणि चार्ट तिघांनी एकदम उंच धरू नयेत. पहिला वर, पहिलं वाक्य, कारणाची एक ओळ, मग तो खाली आणि दुसरा वर.

एक चार्ट कुठे निवडावा? असेंब्लीनंतर तो जिन्याजवळच्या बोर्डावर महिनाभर राहणार असेल तर. तिथे मुलं हातभर अंतरावर उभी राहतात, तीन सेंटिमीटरचं अक्षर भरपूर होतं आणि कारणांची बारीक ओळही वाचता येते. पोस्टर स्पर्धेत परीक्षक टेबलाशी येऊन बघतात, तिथेही एकच चार्ट योग्य, आणि गुणपत्रिकेत ‘धड्याचा समावेश’ असेल तर तिन्ही भागही घ्यावेत. १६ सप्टेंबरला, ओझोन दिनाला, असेंब्ली असेल तर भागच बदलायचा. तेव्हा तीन संदेश ओझोनच्या भागातून घ्यावेत: थर काय अडवतो, तो कशाने विरळ झाला, देशांनी मिळून काय थांबवलं. त्या दिवशी करण्यापेक्षा कळणं महत्त्वाचं, पण चार्ट तरीही तीनच.

वेळ खरंच एका रात्रीचा असेल तर तीन संदेशांचा एक चार्ट करण्याऐवजी पहिल्या संदेशाचा एक चार्ट करा आणि बाकीची दोन वाक्यं तोंडाने सांगा. कचऱ्याचे संदेश घेणार असाल तर एक काम आधीच करा: जुन्या सेलचा डबा शाळेत कुठे ठेवायचा आणि तो गाडीच्या कुठल्या कप्प्यात कोण रिकामा करणार, हे ऑफिसात विचारून ठरवा. डबा मिळत नसेल तर दुसऱ्या चार्टवर ‘जुने सेल कचरागाडीत’ लिहा, कारण ती गाडी तरी घरी रोज येते.