ग्रेड बरोबर, ब्रँड खरा, तरी ऑइल माझ्या बाईकचं नव्हतं

नकली ऑइलपासून सावध राहा, हे सगळेच सांगतात. मला फसवणाऱ्याने नकली ऑइल विकलं नाही. सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचं, अस्सल ऑइल विकलं. फक्त ते स्कूटरचं होतं आणि माझी बाईक गिअरची आहे. हा प्रकार डब्याच्या फोटोवर चालतो, म्हणून फोटोत काय होतं आणि काय झाकलं होतं ते नीट सांगतो.

माझी बाईक १५० सीसीची. मॅन्युअलमध्ये लिहिलंय: एसएई १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा त्याच्या वरचं, जासो या जपानी मानकाप्रमाणे एमए, आणि ऑइल बदलताना १ लिटर. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर एकाने दोन डब्यांची जोडी टाकली होती. ‘दुकान बंद केलं, शिल्लक माल.’ फोटोत डब्याची पुढची बाजू. ब्रँड ओळखीचा, ठळक अक्षरांत ४टी, खाली १०डब्ल्यू-३०, त्याखाली एपीआय एसएन. एपीआय ही ऑइलच्या दर्जाची अमेरिकी श्रेणी; त्यात एसएल २००१ चं आणि एसएन २०१० चं, म्हणजे मॅन्युअलच्या अटीपेक्षा वरचंच. ४टी म्हणजे फोर-स्ट्रोक. इथपर्यंत सगळं जुळत होतं.

डब्याच्या वरच्या कोपऱ्यावर ‘ऑफर’ लिहिलेला गोल लाल स्टिकर होता. आणि फोटो मोठा करून पाहिला तर तळाशी ८०० मिली दिसत होतं. मी त्याला विचारलं, “माझ्या बाईकला १ लिटर लागतं, हा डबा ८०० चा कसा?” उत्तर तयार होतं: “सर, म्हणून तर जोडी देतोय. एकातलं उरलं की पुढे लेव्हल कमी झाल्यावर टाका.” पटण्यासारखंच बोलला. मी मागच्या बाजूचा फोटो मागितला. तोही आला, अगदी स्पष्ट. त्यावर छापलं होतं, ‘जासो एमए२, सर्व मोटरसायकलसाठी’. एमए२ म्हणजे एमएच्याच गटातलं, क्लचला आणखी घट्ट पकड देणारं. डबे घरी आले, सील शाबूत होतं, ऑइल भरलं.

सुरुवातीला इंजिन उलट हलकं वाटलं. मग एका चढावर टॉप गिअरमध्ये रेस दिली तर इंजिनचा आवाज चढत गेला आणि काटा ६० वर तसाच. खालच्या गिअरमध्ये फारसं जाणवत नव्हतं. क्लच केबल जास्त घट्ट झाली असेल म्हणून लिव्हरची ढील पाहिली, ती बरोबर होती. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि पहिलाच प्रश्न केला, “ऑइल कुठलं टाकलं? डबा आहे का?”

डबा होता. त्यांनी मागच्या लेबलावरून नख फिरवलं आणि एका कडेला थांबले. वरचं लेबल वेगळं चिकटवलेलं होतं, खालच्या मूळ लेबलाच्या मापाने कापून. सोलल्यावर आतून निघालं: जासो एमबी. पुढचा लाल स्टिकर काढला, तर त्याखाली ‘स्कूटर’ हा शब्द.

एमए आणि एमबी ही लहान-मोठ्या दर्जाची उतरंड नाही, आणि बहुतेक लोक इथेच गंडतात. जासोची ही विभागणी १९९८ पासून आहे आणि ती घर्षणावर केलेली आहे. गिअरच्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटनी त्या ऑइलमध्ये भिजूनही एकमेकींना धरून ठेवायचं असतं, म्हणून तिथे घर्षण पुरेसं राखणारं एमए लागतं. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच इंजिन ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. त्यामुळे तिथे इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं मोकळेपणाने घालता येतात. तेच एमबी. स्कूटरमध्ये ते उत्तम काम करतं. माझ्या क्लचमध्ये त्याने प्लेट सुटायला लावल्या. १०डब्ल्यू-३० हा आकडा फक्त ऑइल थंडीत आणि तापल्यावर किती पातळ-जाड राहतं ते सांगतो. क्लचबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि विक्रेत्याचा सगळा डाव या फटीतच होता.

नंतर मी त्याने पाठवलेला मागचा फोटो आणि खऱ्या एमए२ डब्याचं लेबल शेजारी ठेवून पाहिलं. खऱ्या डब्यावर जासोची दुमजली चौकट होती. वरच्या खणात एम अक्षराने सुरू होणारा, अंक आणि अक्षरं मिसळलेला नोंदणी क्रमांक, खालच्या खणात एमए२, आणि तळाशी ही कामगिरी कोणती कंपनी हमीने देते त्या कंपनीचं नाव. माझ्या फोटोत नुसती ओळ होती, चौकट नाही, क्रमांक नाही. नोंदलेल्या ऑइलची यादी जपान लुब्रिकेटिंग ऑइल सोसायटीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, म्हणून चिकटवणाऱ्याने क्रमांक टाकायचं टाळलं असणार. चौकट नसली म्हणजे ऑइल खोटंच, असं मात्र नाही. काही कंपन्या नोंदणी न करता ‘जासो एमए२ पातळीचं’ एवढंच लिहितात. पण मग ते त्या कंपनीच्या शब्दावर घ्यायचं, आणि शिल्लक माल विकणाऱ्या अनोळखी माणसाच्या फोटोत तो शब्द नक्की कंपनीचाच आहे का, हा प्रश्न उरतोच.

याचा एक भाऊबंद कारच्या ऑइलमध्ये सापडतो. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा जुन्या डब्यांवर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं असेल, तर तेही ओल्या क्लचच्या बाईकमध्ये ओतू नये. फोटोत तो शिक्का अर्धा कापलेला असला की मी आता पूर्ण फोटो मागतो.

बाईकचं पुढे असं झालं. ऑइल काढून योग्य एमए भरलं, थोडं चालवलं, घसरणं कमी झालं पण थांबलं नाही. क्लच उघडला तेव्हा फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरवर मापात होती, पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मिस्त्री म्हणाले, “लवकर आला असता तर नुसत्या ऑइलवर भागलं असतं. घसरत्या क्लचवर गाडी चालली की प्लेट तापतात आणि अशा चकचकीत होतात.” नवीन सेट त्यांनी आधी योग्य ऑइलमध्ये भिजवून मग बसवला.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. त्याचं एकच पालुपद: “१०डब्ल्यू-३० सांगितलं होतं, १०डब्ल्यू-३० दिलं.” ॲपवर तक्रार केली तर त्यांनीही जाहिरातीतला फोटो आणि मिळालेल्या डब्याची पुढची बाजू जुळते म्हणून हात वर केले. मग सोललेल्या लेबलाचे, खालच्या एमबीचे आणि मिस्त्रींनी लिहून दिलेल्या कारणाचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे ते खातं बंद झालं.

तशीच जोडी आता दुसऱ्या नावाने विकायला आहे. डबा ८०० मिलीचा, स्टिकर या वेळी हिरवा, पण कोपरा तोच. मागच्या बाजूला ‘सर्व मोटरसायकलसाठी’ आहे, चौकट आणि क्रमांक नाही. कुणाला ती जाहिरात दिसली तर विक्रेत्याला स्टिकर काढून त्याच कोपऱ्याचा फोटो पाठवायला सांगा. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला होता. त्याने मला लगेच ब्लॉक केलं.