मुंडन केलेल्या डोक्यावरून काढलेला फेब्रुवारीचा हिशेब

आमचा मुलगा वीस वर्षांचा असून इथे बडोद्यातच महाविद्यालयात शिकतो. मे महिन्यात शेजारच्या एका गृहस्थांनी त्याच्या कपड्यांना गांज्याचा वास आल्याचे माझ्या कानावर घातले. त्यानंतरच्या आठवड्यात मी घाबरून जे करून बसलो, त्यात २३,५०० रुपये गेले, आणि मुलावर नसता आळ आला तो वेगळाच.

ओळखीच्या ओळखीतून एक तरुण घरी आला. आपण घरोघरी जाऊन नमुने घेतो आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो, असे त्याने सांगितले. त्याचे बोलणे पटण्यासारखे होते, आणि फसवणुकीचे मूळ नेमके तिथेच आहे, कारण त्याने सांगितलेले बहुतेक खरे होते. लाळेत आणि रक्तात अलीकडचे दिसते, केसांत तीन महिन्यांचे दिसते, म्हणून तिन्ही एकदम करून घ्या, असे तो म्हणाला. मुलाने ‘खुशाल तपासा’ म्हणून हात पुढे केला. १८ मे रोजी त्या तरुणाने लाल टोपणाच्या साध्या नळीत रक्त घेतले, एक पट्टी मुलाच्या जिभेवर फिरवली, कात्रीने दहाबारा केस कापून प्लास्टिकच्या पिशवीत टाकले आणि ८,५०० रुपये रोख नेले.

तिसऱ्या दिवशी अहवाल मोबाइलवर आला. लाळ निगेटिव्ह, रक्त निगेटिव्ह, पण केसांसमोर लिहिले होते : गांजा व कोकेन पॉझिटिव्ह, ८४ टक्के, सेवनाचा काळ फेब्रुवारी ते मार्च. पाठोपाठ त्याच तरुणाचा फोन आला, की मुलगा सध्या थांबला असला तरी व्यसन जुने आहे, व्यसनमुक्ती केंद्रात एकच जागा शिल्लक आहे आणि ती धरून ठेवण्यासाठी १५,००० रुपये भरावे लागतील. मी ते भरले. रक्तात काही नाही आणि केसांत आहे, ही विसंगतीच मला त्या वेळी अहवालाच्या खरेपणाची खूण वाटली, हे आज लिहिताना ओशाळल्यासारखे होते.

रात्री अहवाल पुन्हा वाचताना पत्नी म्हणाली, “अहो, याचे केस तर दहाव्याला काढले होते ना?”

माझे वडील एप्रिलच्या आरंभी वारले. आमच्या घरात मुलांबरोबर नातूही मुंडन करतात, त्यामुळे १० एप्रिलला चांदोदला नर्मदाकाठी माझ्यासोबत मुलाचेही डोके भादरले गेले होते. नमुना घेतला त्या दिवशी मुंडनाला अडतीस दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मामेबहिणीकडे गेलो. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करते. तिने पट्टी मागवली आणि मुलाचे केस मोजले. ते जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरले.

तिने सांगितलेला हिशेब असा. घेतलेला पदार्थ रक्तातून केसाच्या मुळाशी पोहोचतो आणि तिथे तयार होत असलेल्या केसात अडकतो. तो भाग त्वचेच्या वर यायला साधारण आठवडा लागतो, आणि पुढे डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणूनच नव्वद दिवसांचा मागोवा घ्यायचा असेल तर टाळूलगतचा सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा भाग तपासतात. मुंडनानंतर उगवलेले सव्वा सेंटिमीटर केस फार तर एप्रिलच्या आरंभापर्यंत मागे नेतील. फेब्रुवारीत जे काही घडले असेल किंवा नसेल, ते वाहून नेणारा केस चांदोदलाच पडला होता.

“दादा, नमुनाही नमुना नव्हता,” ती म्हणाली. केसांच्या तपासणीसाठी डोक्याच्या मागच्या भागातून शिसपेन्सिलीएवढ्या जाडीचा, म्हणजे शंभराच्या आसपास केसांचा झुबका त्वचेलगत कापतात, मुळाकडचे टोक कोणते याची खूण करतात आणि तो कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून मोहोरबंद करतात. खूण नसेल तर कोणता भाग कोणत्या महिन्याचा हे सांगताच येत नाही. केस आखूड असतील तर अंगावरचे घेण्याची सोय आहे, पण ते निराळ्या गतीने वाढतात आणि बराच काळ न वाढता तसेच राहतात, म्हणून त्यांवरून महिना ठरवता येत नाही.

गांज्याच्या बाबतीत तर केसांची परीक्षा आणखी अवघड असते. धुराच्या खोलीत नुसते बसलेल्या माणसाच्या केसांवरही गांज्याचा अंश बसू शकतो. त्यामुळे केस आधी धुतात आणि मग शरीरात गेल्यावरच तयार होणारा त्याचा अवशेष शोधतात. हा अवशेष केसांत फारच थोडा उतरतो. प्रचलित मर्यादा एका मिलिग्रॅम केसामागे ०.२ पिकोग्रॅम अशी आहे, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. अशा मोजमापाच्या जागी ‘८४ टक्के’ लिहिणाऱ्याने यंत्र पाहिलेलेही नसणार. कोकेन मात्र केसांत चांगले टिकते, म्हणूनच सगळ्या पदार्थांना एकच नियम लावता येत नाही.

उरलेल्या दोन तपासण्या खोट्या होत्या की नुसत्या निरुपयोगी, हे सांगणे कठीण आहे. दरम्यान मुलाने आईजवळ कबूल केले होते, की २७ एप्रिलला एका मित्राच्या वाढदिवशी त्याने दोनतीन झुरके घेतले होते. म्हणजे नमुन्याच्या वेळी एकवीस दिवस उलटले होते. लाळेत गांजा सापडतो तो मुख्यतः धूर तोंडात बसल्यामुळे, आणि क्वचित ओढणाऱ्याच्या लाळेतून तो साधारण एका दिवसात जातो. कोकेन किंवा एमडीएमए रक्तातून लाळेत उतरतात आणि एकदोन दिवस दिसतात. रक्तात ओढलेल्या गांज्याचे प्रमाण काही मिनिटांतच शिखरावर जाते आणि तीनचार तासांत झपाट्याने खाली येते, कारण तो चरबीत जाऊन बसतो. रोज ओढणाऱ्याच्या चरबीतून तो हळूहळू परत झिरपत राहतो, म्हणून अशा माणसाच्या रक्तात काही आठवड्यांनंतरही सापडू शकतो. पण दोनतीन झुरक्यांचा एकवीस दिवसांनी रक्तात मागमूस राहत नाही. कोकेनचे रक्तातले प्रमाण तर सुमारे तासाभरात निम्म्यावर येते, आणि साध्या नळीत त्याचे विघटन पुढेही चालू राहते, म्हणून त्यासाठी फ्लोराइड असलेली राखाडी टोपणाची नळी वापरतात. आमची लाल टोपणाची नळी तर मे महिन्याच्या उन्हात त्याच्या खांद्यावरच्या झोळीतून गेली.

थोडक्यात, अहवालाने जे घडले ते पाहिले नाही आणि जे दिसणे अशक्य होते ते पाहिल्याचे सांगितले. लाळ आणि रक्त निगेटिव्ह येणार हे त्या तरुणाला आधीच ठाऊक असावे, कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या शंकेवर या दोन तपासण्यांतून दुसरे काही निघण्याची शक्यताच कमी असते. मग उरलेल्या केसांच्या रकान्यात हवे ते लिहायला तो मोकळा होता.

मामेबहिणीने अहवालावर आणखी दोन गोष्टी दाखवल्या. कोणत्या पद्धतीने तपासले आणि किती प्रमाणावर पॉझिटिव्ह धरले, याचा कुठेही उल्लेख नव्हता. खरी प्रयोगशाळा प्राथमिक चाचणीत काही आढळल्यास मास स्पेक्ट्रोमीटरवर खात्री करून घेते आणि तसे लिहिते. दुसरे म्हणजे तळाशी आयएसओ ९००१ चा शिक्का होता. ते प्रमाणपत्र संस्थेच्या कारभाराचे असते, तपासणीच्या क्षमतेचे नव्हे. त्यासाठी एनएबीएलची मान्यता पाहावी लागते, आणि तीसुद्धा नुसती आहे की नाही एवढेच नव्हे, तर मान्यतेच्या यादीत केस हा नमुना आणि तो पदार्थ दिला आहे का, हे पाहावे लागते.

अहवालावर ज्या प्रयोगशाळेचे नाव छापले होते तिथे मी फोन केला. त्या क्रमांकाचा नमुना आमच्याकडे आलेला नाही, आणि केसांची तपासणी आम्ही करतच नाही, असे उत्तर मिळाले. तरुणाचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, त्यासोबत अहवालाची प्रत, रक्कम भरल्याचा पुरावा आणि मुंडनाच्या दिवशी चांदोदला काढलेला, तारीख असलेला छायाचित्राचा प्रिंट जोडला आहे.