पार्ट घरी बनवायचा की बाहेरून घ्यायचा? रेटच्या आधी डाय कोणाची ते बघा

बहुतेक जण दोन रेट शेजारी ठेवतात आणि ठरवतात. नट-बोल्ट, बेअरिंगला ते चालतं, एकाने भाव वाढवला की दुसऱ्याकडे जायचं, त्यालाही दुसरं गिऱ्हाईक मिळतंच. तिथे डोकं न लावता बाहेरून घ्या. पेच आहे तो फक्त तुमच्याच डिझाइनच्या पार्टचा.

समजा पत्र्याच्या ब्रॅकेटची डाय, म्हणजे प्रेस मशीनमध्ये पत्र्याला आकार देणारा साचा, 20 लाखाला पडते आणि 1 लाख नग काढायचेत. म्हणजे नगामागे डायचे 20 रुपये, पत्रा-मजुरी-वीज 60. व्हेंडरशी 85 ला ठरलं, डाय त्याने स्वतःच्या पैशाने बनवली, आणि मग तुम्ही म्हणालात की आता 70 च देतो. तो निमूट देईल, कारण 60 च्या वर 10 तरी सुटतात आणि ती डाय दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही, पण शेवटी त्याचे 10 लाख बुडाले. उलटंही होतं, तुमचं लॉन्च तोंडावर आलंय, नवीन डायला महिने लागणार, आणि तो 100 मागतो. यालाच होल्ड-अप म्हणतात. खरं नुकसान तर याच्याही आधी होतं, हे ओळखून असलेला व्हेंडर डायमध्ये पैसेच घालत नाही, स्वस्त स्टील वापरतो, मग थोड्याच नगांत कडांना बर, म्हणजे धारदार खरखरीत कंगोरे, यायला लागते.

घरी बनवलं तर हे भांडण मिटतं, पण प्रेस तुमच्या गळ्यात. एका ब्रॅकेटवर ती दिवसभर चालत नसेल तर घरचा पार्ट महागच पडणार.

यातलं गाजलेलं उदाहरण जनरल मोटर्स आणि फिशर बॉडीचं. 1919 मध्ये जीएमने फिशरचे 60% शेअर घेतले आणि गाडीच्या बॉडीसाठी 10 वर्षांचा करार केला, भाव म्हणजे खर्च अधिक 17.6%. पुढे बंद बॉडीच्या गाड्यांची मागणी प्रचंड वाढली, आणि या फॉर्म्युल्यात खर्च जितका जास्त तितका फिशरचा नफा जास्त. 1926 ला जीएमने उरलेली कंपनीही घेतली. क्लाइन, क्रॉफर्ड आणि अल्चियन या अर्थशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये याला होल्ड-अप म्हटलं, अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने 2000 मध्ये ते साफ खोडून काढलं, त्याच्या मते फिशरने अडवणूक केलीच नव्हती. त्यामुळे या एका केसवरून 'कंपनीच विकत घ्या' असं मी कोणाला सांगणार नाही.

माझं मत मधल्या वाटेचं: डाय तुमच्या पैशाने, प्रेस व्हेंडरची. प्रेसवर तो इतरांचंही काम करू शकतो, म्हणून त्याचं काही अडकत नाही. डाय तुमची आहे आणि कधीही उचलता येईल हे करारात लिहून घ्या, आणि दुसऱ्या कोणाच्या प्रेसचं टनेज म्हणजे दाबाची ताकद आणि शट हाइट म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची जुळते का ते डाय बनवायच्या आधीच तपासा, नाहीतर डाय कागदावर तुमची आणि चालणार मात्र त्याच्याच प्रेसवर.